रील, कॅरोसेल की फोटो? लाइक बाजूला ठेवून महिन्याचा अहवाल कसा बनवायचा

सोलापुरात घरगुती शेंगा चटणी, कडक भाकरी, चादरी, टॉवेल विकणारी कितीतरी इन्स्टाग्राम खाती आहेत. महिना संपला की त्यांचा अहवाल बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: सगळ्यात जास्त लाइक कशाला मिळाले? उत्तर मिळतं आणि पुढच्या महिन्यात तसंच काहीतरी करायचं ठरतं. पण लाइकचा आकडा पोस्ट किती लोकांसमोर गेली यावर फार अवलंबून असतो, आणि ती किती लोकांसमोर जाणार हे बऱ्याच अंशी तिच्या प्रकारावर ठरतं. रील अनोळखी लोकांपर्यंत जाते, फोटो बहुतेक आपल्याच फॉलोअरांमध्ये फिरतो. दोघांचे लाइक शेजारी ठेवून नंबर लावणं हा फोटोवर अन्याय आहे आणि रीलची खोटी स्तुती. दरमहा दोन-तीन तास देऊन प्रकारानुसार तुलना करणारा अहवाल कसा बनवायचा, ते इथे क्रमाने सांगतो. एक गुगल शीट पुरते. पैसे देऊन घ्यायचं कुठलंही साधन लागत नाही.

उदाहरणासाठी एका बचत गटाचं खातं धरू. शेंगा चटणी आणि कडक भाकरी, सुमारे ४,२०० फॉलोअर, ऑर्डर मेसेजवर, पार्सल पुण्या-मुंबईपर्यंत. महिना जानेवारीचा. संक्रांत, हुरड्याचा हंगाम आणि सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा या महिन्यात एकत्र येतात, त्यामुळे आकडे सगळ्यात जास्त फसवतात तेही याच महिन्यात. खालचे सगळे आकडे पद्धत समजावण्यापुरते घेतले आहेत. ते कुठल्या खऱ्या खात्याचे नाहीत.

आधी खातं तपासा, मग आकडे काढा

इन्स्टाग्रामचं खातं व्यावसायिक किंवा क्रिएटर प्रकारचं असल्याशिवाय पोस्टचे तपशीलवार आकडे मिळत नाहीत. खातं अजून वैयक्तिक असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते आजच बदलून घ्या, कारण बदलाच्या आधी टाकलेल्या पोस्टचे आकडे मागाहून मिळतील यावर विसंबता येत नाही.

आकडे घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, फोनवर प्रत्येक पोस्ट उघडून तिच्याखालचे इनसाइट्स पाहणे. दुसरा, संगणकावर `Meta Business Suite` उघडून `Insights` मधल्या `Content` भागातून `Export data` करणे. दुसऱ्या मार्गाने महिन्याच्या सगळ्या पोस्टची एक सीएसव्ही फाइल मिळते. तिच्यात `Post type` नावाचा रकाना असतो आणि त्यात `IG reel`, `IG carousel`, `IG image` अशी नोंद असते. आपला सगळा अहवाल या रकान्यावर उभा राहणार आहे.

फाइल उघडली की एका खोडीकडे लक्ष ठेवा. `Post ID` हा आकडा फार लांब असतो आणि शीट किंवा एक्सेल १५ अंकांपुढचे अंक नीट जपत नाही, शेवटचे अंक शून्य करून टाकतं. मग दोन वेगळ्या पोस्टचे क्रमांक सारखे दिसू शकतात. म्हणून पोस्ट ओळखायला क्रमांक वापरू नका, पोस्टची लिंक वापरा. दुसरी खोडी वेळेची. फाइलमधली प्रकाशनाची वेळ आपल्या घड्याळाशी जुळतेच असं नाही. एखादी पोस्ट फोनवर उघडून तारीख ताडून पाहा. विशेषतः महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच्या पोस्ट चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात.

महिन्याला पंधरा-वीसच पोस्ट असतील तर मी फोनवरूनच आकडे लिहायचा सल्ला देईन. त्याचं कारण पुढच्या टप्प्यात येतं.

प्रत्येक पोस्टला सारखेच दिवस द्या

नवख्या अहवालातला सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो वरवर पाहता दिसतही नाही. फाइलमधले आकडे पोस्ट टाकल्यापासून फाइल काढेपर्यंतचे असतात. तुम्ही ३१ जानेवारीला फाइल काढली तर २ जानेवारीच्या पोस्टला जवळजवळ महिना मिळालेला असतो आणि २९ तारखेच्या पोस्टला दोनच दिवस. ही तुलना होऊच शकत नाही. त्यात रील हळूहळू पसरते, कधीकधी आठवडाभर पडून राहून मग चालते. फोटोचं बरंचसं काम पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकतं. म्हणजे दिवस कमी-जास्त झाले तर प्रत्येक प्रकाराचं नुकसान सारखं होत नाही. महिनाअखेरीस टाकलेल्या रीलला त्याचा सगळ्यात जास्त फटका बसतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक पोस्टचे आकडे ती टाकल्याच्या सातव्या दिवशी लिहायचे. सोमवारी टाकली तर पुढच्या सोमवारी फोन काढून चार आकडे शीटमध्ये भरायचे, दोन मिनिटांचं काम. हे जमलं नाही तर फाइल निदान पुढच्या महिन्याच्या ८ तारखेच्या आधी काढू नका, म्हणजे शेवटच्या पोस्टलाही आठवडा मिळेल. या दुसऱ्या वाटेत जुन्या पोस्टना जास्त दिवस मिळतात हा दोष उरतोच, म्हणून अहवालाच्या तळाशी 'आकडे ८ फेब्रुवारीला घेतले' असं लिहून ठेवा. सात दिवस म्हणजे काही शास्त्रातला आकडा नव्हे. दहा ठेवले तरी चालतील. पण एकदा ठरवले की बदलू नका, नाहीतर फेब्रुवारीचा अहवाल जानेवारीच्या शेजारी ठेवता येणार नाही.

शीट कशी मांडायची

एका ओळीत एक पोस्ट. रकाने डावीकडून असे ठेवा: तारीख, प्रकार, विषय, जाहिरात, पोहोच, लाइक, सेव्ह, शेअर, चौकशी. म्हणजे तारीख A रकान्यात आणि चौकशी I मध्ये. J आणि K पुढच्या सूत्रांसाठी मोकळे सोडा आणि लिंक त्यांच्यानंतर L मध्ये ठेवा.

पोहोच म्हणजे पोस्ट किती वेगवेगळ्या खात्यांना दिसली त्याचा अंदाज. व्ह्यू वेगळे: एकाच माणसाने रील तीनदा पाहिली तर व्ह्यू तीन, पोहोच एक. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्या प्रकारांसाठी व्ह्यू हा मुख्य आकडा करायचं जाहीर केलं, त्यामुळे ॲपमध्ये तोच आधी डोळ्यांसमोर येतो. आपल्याला मात्र भागाकारासाठी पोहोच हवी, कारण प्रश्न 'ज्यांना दिसली त्यांपैकी किती जणांनी काही केलं' असा आहे. आणखी एक जपायचं: पोस्टच्या पोहोचींची बेरीज करून 'महिन्यात इतक्या लोकांपर्यंत पोहोचलो' असं लिहू नका. पाच पोस्ट पाहिलेला माणूस त्या बेरजेत पाचदा मोजला जातो.

'जाहिरात' रकान्यात पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्टसमोर 'हो' आणि बाकी सगळ्यांसमोर 'नाही'. बूस्ट केलेली पोस्ट तुलनेतून बाहेर ठेवायची, कारण तिची पोहोच विकत घेतलेली असते. दुसऱ्या पानाबरोबर मिळून टाकलेल्या पोस्टनाही मी याच रकान्यात 'जोडीने' असं लिहून वेगळं काढतो. शहराच्या एखाद्या मोठ्या पानाने आपली पोस्ट जोडीने घेतली की त्यांचे फॉलोअरही तीच पोस्ट पाहतात, आणि ते श्रेय प्रकाराचं नसतं.

'विषय' हा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि अहवाल फसतो तो इथेच. विषय मोजके ठेवा: बनवण्याची प्रक्रिया, दर आणि पार्सल, वापर आणि साठवण, शहर आणि सण. चार पुरतात. दहा केलेत तर प्रत्येकात एक-एक पोस्ट उरेल.

मराठीत शीट भरणाऱ्यांसाठी दोन सूचना, कारण तास तास या गोष्टी शोधण्यात जातात. एका ओळीत 'रील' आणि दुसऱ्या ओळीत 'रिल' लिहिलं, किंवा शब्दानंतर चुकून एक जागा सुटली, तर शीटच्या लेखी ते दोन वेगळे प्रकार होतात आणि दुसरा हिशेबातून गुपचूप गळतो. म्हणून प्रकार आणि विषय हाताने टंकू नका, त्या रकान्यांवर ड्रॉपडाउन लावून निवडा. आणि आकडे इंग्रजी अंकांतच भरा. मराठी कीबोर्डवरून आलेला देवनागरी आकडा शीटला साधारणपणे अक्षर वाटतो. ओळखायची खूण अशी: खरा आकडा चौकटीत आपोआप उजवीकडे सरकतो, अक्षर डावीकडे चिकटून राहतं.

दर हजारी हिशेब

आता प्रत्येक पोस्टसाठी, दर हजार पोहोचीमागे किती सेव्ह आणि किती शेअर झाले ते काढायचं. दुसऱ्या ओळीत J रकान्यात पहिलं सूत्र, K मध्ये दुसरं, आणि दोन्ही खालपर्यंत ओढायची.

```
=G2/E2*1000
=H2/E2*1000
```

टक्क्यांऐवजी हजारी का? सेव्ह आणि शेअर कमी असतात, टक्क्यांत ते ०.६ असे येतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात काही उभं राहत नाही. 'हजारातल्या सहा जणांनी जपून ठेवली' हे लगेच कळतं.

लाइक टाकून द्यायचे नाहीत, त्यांना जागेवर ठेवायचं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की पोस्ट किती पसरवायची हे ठरवताना पाहण्याचा वेळ, पोहोचीच्या प्रमाणात लाइक आणि पोहोचीच्या प्रमाणात पुढे पाठवणं या तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात. लाइकचं वजन आपल्या फॉलोअरांपर्यंत जाताना थोडं जास्त, तर पुढे पाठवण्याचं वजन अनोळखी लोकांपर्यंत जाताना जास्त. तेसुद्धा बोलतात ते प्रमाणाबद्दल, निव्वळ संख्येबद्दल नव्हे. आपल्या बचत गटासाठी अर्थ साधा आहे: शेअर म्हणजे नवा माणूस दारात, सेव्ह म्हणजे 'नंतर मागवू' असं मनात ठेवलेला माणूस. चटणी विकायची तर दोन्ही हवेत.

सरासरी नको, मधला आकडा घ्या

जानेवारीत या खात्यावर सहा रील आल्या. पाच नेहमीच्या: उखळात चटणी कुटताना, भाकरी थापताना, हुरडा, पॅकिंग आणि दर. त्यांची पोहोच अनुक्रमे ५,२००, ४,१००, ३,६००, १,९०० आणि १,४००. सहावी गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीची. ती ६१,००० खात्यांपर्यंत गेली आणि ३,९०० लाइक घेऊन आली.

सहा रीलच्या पोहोचीची सरासरी काढली तर ती १२,८६७ येते. पण या आकड्याच्या आसपासही फिरकलेली एकही रील नाही. पाच तिच्या अर्ध्याहून खाली आहेत, एक कितीतरी वर. अहवालात 'आपली रील सरासरी तेरा हजारांपर्यंत जाते' असं लिहिलं की गटातल्या ताई फेब्रुवारीत तीच अपेक्षा धरतील आणि ४,००० वर थांबलेल्या चांगल्या रीलला अपयश समजतील. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. सहा आहेत म्हणून मधले दोन, ३,६०० आणि ४,१००, यांची सरासरी: ३,८५०. या खात्याची रील साधारण कुठवर जाते याचं हे खरं उत्तर.

शीटमध्ये हे एका सूत्राने होतं. पहिल्या सूत्रात रीलच्या सेव्हचा मधला आकडा, दुसऱ्यात किती रील मोजल्या ते. 'रील'च्या जागी 'कॅरोसेल' आणि 'फोटो' घालून तीच सूत्रं पुन्हा वापरा. पोहोच हवी असेल तर J च्या जागी E.

```
=MEDIAN(FILTER(J$2:J$60, B$2:B$60="रील", D$2:D$60="नाही"))
=COUNTIFS(B$2:B$60,"रील", D$2:D$60,"नाही")
```

सूत्राने `#N/A` दिलं तर त्या नावाची एकही ओळ शीटला सापडलेली नाही. बहुतेक वेळा लिखाणातला फरक निघतो. आणि दुसऱ्या सूत्रातली संख्या हाताने मोजलेल्या पोस्टशी जुळतेय ना, हे दर महिन्याला बघाच.

यात्रेची रील तुलनेतून काढून टाकायची का? नाही. मधला आकडा घेतला की ती बाकीच्यांना ओढत नाही, आणि तीही खरी पोस्ट आहे. पण तिच्याबद्दल अहवालात वेगळं एक वाक्य हवं, कारण तिने शिकवलेलं वेगळं आहे. तिला ८५ सेव्ह मिळाले, हजारी १.४. उखळातल्या रीलला ६२, म्हणजे हजारी ११.९. मिरवणूक पाहणारे नंदीध्वजांना नमस्कार करायला थांबले होते. चटणीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. सोलापूरकर म्हणून ती रील टाकावीच, मनापासून टाकावी. फक्त तिच्या लाइकवरून विक्रीचे बेत आखू नयेत.

तिन्ही प्रकार शेजारी ठेवल्यावर

कॅरोसेल चार होते: चटणी कशी टिकवायची, दर आणि पार्सलची माहिती, कडक भाकरी खायच्या पद्धती, ज्वारीचे प्रकार. एकेरी फोटो सहा. सगळं मधल्या आकड्यांत मांडलं की तक्ता असा दिसतो.

| प्रकार | पोस्ट | पोहोच | लाइक | सेव्ह, दर हजारी | शेअर, दर हजारी | एकूण चौकश्या |
|---|---|---|---|---|---|---|
| रील | ६ | ३,८५० | १८० | ६.१ | १०.५ | ७ |
| कॅरोसेल | ४ | १,९५० | ७४ | २७.१ | १३.३ | १३ |
| फोटो | ६ | १,१०० | ८२ | ३.० | २.० | ४ |

लाइकच्या रकान्यावरच थांबलात तर कॅरोसेल सगळ्यात खाली आहे, फोटोच्याही मागे. जुन्या पद्धतीच्या अहवालाने ते बंद करायला सांगितले असते. पुढचा रकाना वाचला की चित्र उलटं होतं: कॅरोसेल ज्यांना दिसले, त्यांतल्या हजारी सत्तावीस जणांनी ते जपून ठेवले. आणि सहा रीलमधून जेवढ्या चौकश्या आल्या, त्याच्या जवळपास दुप्पट चार कॅरोसेलमधून आल्या.

चौकशीचा आकडा इन्स्टाग्राम देत नाही, तो आपल्यालाच ठेवावा लागतो. मेसेज आला की पहिल्या दोन वाक्यांत विचारायचं, 'कुठली पोस्ट बघून विचारताय, ताई?' पुष्कळ लोक पोस्टच पुढे पाठवून 'याचा रेट काय' विचारतात, तेव्हा तर विचारायचीही गरज नाही. ज्यांना आठवत नाही त्यांची नोंद 'माहीत नाही' अशी वेगळी ठेवा, अंदाजाने कुठल्यातरी प्रकाराच्या खात्यात टाकू नका. हा आकडा कच्चा आहे. एखादी बाई रील पाहून पान उघडते, तिथला दरांचा कॅरोसेल वाचते आणि मेसेजमध्ये कॅरोसेल पाठवते, तेव्हा श्रेय कॅरोसेलला जातं. म्हणून या तक्त्यावरून 'रील बंद करा' असा निष्कर्ष निघत नाही. नवे लोक आणण्यात रील पुढे आहे, पोहोचीचा रकाना तेच सांगतो.

स्टोरी या तक्त्यात मुद्दाम घेतलेली नाही. तिला २४ तासांचंच आयुष्य असतं, ती मुख्यतः फॉलोअरांनाच दिसते, आणि तिथे बघायचे आकडे वेगळे: उत्तरं, लिंकवरचे क्लिक, मध्येच बाहेर पडलेले लोक. तिच्यासाठी अहवालात खाली वेगळ्या दोन ओळी पुरतात. तसंच रीलचा सरासरी पाहण्याचा वेळ हा आकडा फक्त रीलची रीलशी तुलना करायला वापरा. फोटोला तो नसतोच.

प्रकाराचं श्रेय की विषयाचं?

इथे थांबून स्वतःला एक अवघड प्रश्न विचारायचा. कॅरोसेलला सेव्ह जास्त मिळाले, पण चार कॅरोसेलपैकी तीन होते दर, साठवण आणि वापर या कामाच्या माहितीचे. फोटोंपैकी बहुतेक सणाच्या शुभेच्छांचे होते. तिळगुळाचा फोटो कोण सेव्ह करून ठेवेल? मग हा फरक प्रकाराचा की विषयाचा?

विषयाचा रकाना आता कामाला येतो. शीटवर विषयाची चाळणी लावून एकाच विषयाच्या पोस्ट वेगवेगळ्या प्रकारांत सापडतात का ते बघा. या खात्यावर 'दर आणि पार्सल' हा विषय तिन्ही प्रकारांत आला होता. रीलची पोहोच १,४०० आणि सेव्ह १०, म्हणजे हजारी ७.१. फोटोची पोहोच १,००० आणि सेव्ह ९, म्हणजे ९. कॅरोसेलची १,८०० आणि ६३, म्हणजे ३५. विषय तोच, तरी कॅरोसेल कितीतरी पुढे. कारणही ताडता येतं: दरांच्या रीलमध्ये पाव किलो, अर्धा किलो, पार्सल खर्च अशा पाट्या भराभर सरकत होत्या आणि वाचायला बोटाने स्क्रीन दाबून धरावी लागत होती. फोटोत सगळं एकाच चौकटीत कोंबलेलं, अक्षर बारीक. कॅरोसेलमध्ये एका पानावर एक गोष्ट होती.

आता उलट बाजू. ज्वारीच्या प्रकारांचा कॅरोसेल हजारी १४ वरच थांबला, चारांत सगळ्यात कमी. मालदांडीबद्दलचं प्रेम आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्या माहितीचं पुढे काय करायचं हे वाचणाऱ्याला कळलं नसावं. म्हणजे विषयाचाही वाटा आहे. नुसता कॅरोसेल केला म्हणून सेव्ह येत नाहीत.

एकाच पोस्टच्या बळावर यापेक्षा मोठं विधान करू नका. कुठल्याही चौकटीत तीनपेक्षा कमी पोस्ट असतील तर तिथे मी 'अजून सांगता येत नाही' असं लिहितो. अहवाल मागणाऱ्याला हे वाक्य आवडत नाही, पण तीन महिन्यांचे आकडे एकत्र झाले की तीच चौकट भरते आणि मग बोलता येतं. म्हणून प्रत्येक महिन्यासाठी नवी फाइल उघडू नका. एकाच शीटमध्ये खाली भरत जा आणि दर महिन्याला दोन तक्ते काढा, एक त्या महिन्याचा, एक गेल्या तीन महिन्यांचा. त्यासाठी सूत्रांमधल्या २ आणि ६० या ओळी त्या त्या काळाच्या पहिल्या आणि शेवटच्या पोस्टच्या ओळीप्रमाणे बदलायला विसरू नका, नाहीतर जुने महिने हिशेबात मिसळतील, एकसष्टाव्या ओळीपासून पुढचं सगळं हिशेबाबाहेर राहील आणि शीट काही तक्रारही करणार नाही.

गटाच्या हातात काय द्यायचं

अहवाल एका पानाचा ठेवा. वर तो तक्ता, मधे तीन-चार वाक्यं, खाली पुढच्या महिन्यात काय करायचं. शीटचे रकाने, सूत्रं, सगळ्या पोस्टची यादी त्यात नको. कुणी मागितलं तर शीट दाखवा. वाक्यं अशी असावीत की भाकरी थापता थापता कुणी मोठ्याने वाचून दाखवली तरी बाकीच्यांना कळतील. जानेवारीसाठी मी असं लिहीन:

'रील सगळ्यात जास्त लोकांपर्यंत गेल्या. यात्रेची रील फार पसरली, पण तिच्यातून चटणीची एकच चौकशी आली. दर आणि साठवणीचे कॅरोसेल कमी लोकांना दिसले, तरी त्यांतल्या पुष्कळांनी ते जपून ठेवले, आणि निम्म्याहून जास्त चौकश्या कॅरोसेल दाखवूनच आल्या. शुभेच्छांच्या फोटोंमधून फारसं काही आलं नाही.'

खाली फेब्रुवारीचं काम, तेही मोजता येईल असं. 'कॅरोसेल वाढवा' एवढ्याने भागत नाही. साठवण हा विषय आतापर्यंत फक्त कॅरोसेलमध्येच आला आहे, तर फेब्रुवारीत तो एकदा रीलमध्येही करायचा, म्हणजे दरांसारखी त्याचीही तुलना मिळेल. शुभेच्छांचे फोटो कमी करून एकेरी फोटो सहावरून दोनवर आणायचे आणि वाचलेल्या वेळात दोन कॅरोसेल जास्त करायचे. उखळातल्या रीलच्या शेवटी 'दर पिन केलेल्या पोस्टमध्ये' अशी ओळ टाकायची आणि दरांचा कॅरोसेल पानावर पिन करून ठेवायचा, म्हणजे रीलवरून आलेल्या नव्या माणसाला दर शोधत फिरावं लागणार नाही. एका महिन्यात यापेक्षा जास्त बदलू नका. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर मार्चच्या सुरुवातीला आकडे हलतील, पण कशामुळे हलले ते सांगता येणार नाही.

शेवटी, गटाबरोबर बसून अहवाल वाचा, नुसता व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होऊ नका. आकड्यांमागची कारणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतात. 'त्या आठवड्यात शेंगदाणे महागले म्हणून दर बदलले होते, सारखे फोन येत होते' हे शीटमध्ये कुठेच दिसत नाही, आणि चौकशीचा आकडा वर गेलेला असतो तो कदाचित त्यामुळेच. असं काही कळलं की त्या तारखेच्या ओळीसमोर टीप लिहून ठेवा. पुढच्या जानेवारीत यात्रेच्या वेळी पुन्हा आकडे उड्या मारतील तेव्हा ती वाचायला लागेल.